दहाव्या आठवड्यात ईसीजीवर ५१६ : बेडाक्विलिन बंद करायची का?

प्रश्न : वहिनीला (वय ३२, वजन ३९ किलो) एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी निघाला. सहा महिन्यांचा चार औषधांचा नवीन कोर्स चालू आहे, दहावा आठवडा लागलाय. काल ईसीजी काढला, कागदावर HR 100, QT 400, QTc 516 असं छापलंय. हिमोग्लोबिन सुरुवातीला १०.२ होतं, आता ७.४ आलं. तळपायाला मुंग्या येतात म्हणते. गावातले डॉक्टर म्हणाले बेडाक्विलिन हार्टला लागली, ती बंद करा आणि रक्तवाढीचं इंजेक्शन घ्या. दिवाळीनंतर ऊसतोडीलाही जायचंय. काय करू? खरंच बंद करायची का ती गोळी?

उत्तर :

भाऊ, घरच्या घरी कुठलीच गोळी बंद करू नका, आणि हे सगळे कागद घेऊन उद्याच वहिनीला डीआर-टीबी सेंटरला न्या. छातीत धडधडून चक्कर आली, डोळ्यापुढं अंधारी आली किंवा एकदा जरी बेशुद्ध पडली तर उद्याची वाट बघू नका, आजच ॲडमिट करा. एवढं आधी सांगून ठेवतो. आता बाकीचं सावकाश बोलू, कारण तुम्ही जे आकडे दिलेत त्यावरून मला तरी वाटतंय की इथं बदनाम एक गोळी होतीये आणि काम दुसरीच करतीये.

आधी तो ईसीजीचा कागद. मशीन QT मोजतं, म्हणजे हृदयाच्या एका ठोक्यात विजेचा झटका बसल्यापासून ते परत तयार होईपर्यंतचा वेळ, मिलिसेकंदात. नाडी जोरात पळत असली की हा वेळ आपोआप कमी होतो, म्हणून नाडीप्रमाणे तो दुरुस्त करावा लागतो, आणि दुरुस्त केलेला आकडा म्हणजे QTc. आता गोम अशी की दुरुस्त करायची पद्धत एकच नाही. बहुतेक मशीन बाझेट नावाची जुनी पद्धत वापरतात, आणि ती नाडी ९०-१०० च्या पुढं गेली की आकडा फुगवून दाखवते. टीबीच्या कामात आम्ही फ्रिडेरिशियाची पद्धत वापरतो. वहिनीच्याच आकड्यांवर करून दाखवतो :

```
RR   = 60 ÷ HR = 60 ÷ 100 = 0.6
QTcB = 400 ÷ √0.6 = 516
QTcF = 400 ÷ ∛0.6 = 474
```

बघा, तोच ईसीजी, तीच बाई, आणि एका पद्धतीने ५१६ तर दुसरीने ४७४. आमची लक्ष्मणरेषा ५०० ची. फ्रिडेरिशियाने ५०० च्या वर गेलं तर बेडाक्विलिन आणि सोबतची QT वाढवणारी औषधं थांबवायची, पेशंट भरती करायचा, आणि ५०० च्या आत असलं तर कारण शोधायचं, क्षार तपासायचे, आठवड्याभरात परत ईसीजी काढायचा. बाईमाणसात ४७० च्या पुढं गेलं की आम्ही कान टवकारतो, त्यामुळं ४७४ म्हणजे एकदम झकास असं मी म्हणणार नाही, पण गोळी बंद करायचा आकडा तो नाही. आणि मशीनच्या छापील आकड्यावर तर अजिबात बंद करायची नाही, आधी माणसाने पट्टीवर हाताने मोजून बघायचं, कारण पोटॅशियम कमी असलं की टी लाटेच्या शेपटाला एक छोटी यू लाट चिकटते आणि मशीन दोन्ही मिळून मोजतं.

आता नाडी १०० का आहे हा प्रश्न कुणी विचारला का? दहाव्या आठवड्यात ताप सहसा गेलेला असतो, पेशंट जेवायला लागलेला असतो, नाडी खाली यायला पाहिजे. हिमोग्लोबिन ७.४ वर आलं की हृदयाला तेवढाच ऑक्सिजन पोचवायला जास्त वेळा धडकावं लागतं, म्हणून नाडी वाढली. नाडी वाढली म्हणून मशीनच्या पद्धतीने QTc फुगला. आणि QTc फुगला म्हणून नाव आलं बेडाक्विलिनचं. मला दिसतेय ती साखळी अशी आहे, आणि तिच्या सुरुवातीला उभी आहे लिनेझोलिड.

हे जरा सविस्तर सांगायला पाहिजे. तुमच्या वहिनीच्या कोर्समध्ये चार औषधं आहेत, बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन. केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरात हा कोर्स आपल्याकडं मंजूर केला. लोकांच्या मनात भीती बेडाक्विलिनची, त्याला कारण पण आहे. २०१२ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा हिच्या लेबलवर ठळक इशारा होता, आणि आपल्या देशात २०१६ ला आली तेव्हा सुरुवातीला सहाच केंद्रांवर, पेशंट भरती करून, वारंवार ईसीजी काढत दिली जायची. त्यामुळं ‘हार्टवाली गोळी’ हे नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पण नंतर दक्षिण आफ्रिकेसारख्या ठिकाणी हजारो लोकांना दिली तेव्हा दिसलं की ही मिळालेल्या पेशंटमध्ये मृत्यू उलट कमी होते. मी स्वतः एवढ्या वर्षांत जे पेशंट बघतोय त्यात बेडाक्विलिनमुळं एकट्याने काही बिघडलं असं क्वचितच दिसलं, आणि लिनेझोलिडचा त्रास मात्र ओपीडीत रोजचाच आहे.

लिनेझोलिड जंतूच्या पेशीतला प्रोटीन बनवायचा कारखाना बंद पाडतं. अडचण अशी की आपल्या पेशीत जे मायटोकॉन्ड्रिया असतात, ऊर्जा तयार करणारे, त्यांचा कारखाना पण जंतूच्या कारखान्यासारखाच आहे, म्हणून थोडा मार तिकडंही बसतो. जिथं ऊर्जा जास्त लागते तिथं आधी दिसतं. रक्त बनवणारी मज्जा, पायाच्या लांब नसा, आणि डोळ्याची नस. या तिघांचा क्रमही साधारण ठरलेला आहे, रक्त पहिल्या दोन-तीन महिन्यांत, मुंग्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पुढं, आणि डोळा बहुतेक त्याहून उशिरा. वहिनीची पहिली पायरी झालेली दिसतेय आणि दुसरीवर पाय पडलाय.

डोसचा यात लै मोठा वाटा आहे. सुरुवातीच्या निक्स-टीबी नावाच्या अभ्यासात रोज १२०० मिलिग्रॅम देत होते, १०९ पेशंट होते, त्यातल्या ८१ टक्क्यांना नसांचा त्रास झाला आणि ४८ टक्क्यांना मज्जेचा. पुढच्या झेनिक्स अभ्यासात ६०० मिलिग्रॅम २६ आठवडे दिलं तर नसांचा त्रास २४ टक्के आणि मज्जेचा २ टक्के, आणि बरे झाले ९१ टक्के. म्हणून आज सगळीकडं ६०० चाच डोस आहे. पण आपल्याकडं त्या २ टक्क्यांवर डोळे झाकून विसंबू नये असं माझं मत, कारण अभ्यासात घेतलेली माणसं निवडलेली असतात आणि आपल्या बीड-परभणीच्या बाया औषध सुरू व्हायच्या आधीच हिमोग्लोबिन नऊ-दहाच्या घरात असतात, वजन ३८-४०. ६०० मिलिग्रॅम सत्तर किलोच्या गड्याला पण तेवढंच आणि वहिनीला पण तेवढंच. मार्जिनच कमी.

आता हिमोग्लोबिन १०.२ वरून ७.४. हे दोन्ही अंगांनी रेषा ओलांडतं. आम्ही बघतो ते असं की आकडा ८ च्या खाली गेला का, किंवा सुरुवातीच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घसरला का. १०.२ चा चौथा हिस्सा अडीच, घसरण २.८ ची. म्हणजे लिनेझोलिड तात्पुरतं थांबवायची वेळ आलीये, पण ते सेंटरच्या डॉक्टरांनी ठरवायचं, कारण ते थांबवताना पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही बघावे लागतात, आणि आधी किती आठवडे सलग झालेत ते पण. पहिल्या नऊ आठवड्यांत लिनेझोलिड कायमचं काढावं लागलं तर हा कोर्सच उभा राहत नाही, नवीन आखावा लागतो. नऊ आठवडे सलग पूर्ण झाले असतील तर पुढं ३०० वर आणता येतं, आणि अगदीच नाही झेपलं तर बाकीच्यांवर पुढं जाता येतं. वहिनीचा दहावा लागलाय म्हणजे नशिबाने ती बारी थोडक्यात पार पडलीये, मात्र मधे खाडे झाले असतील तर खरं खरं सांगा, त्यावर निर्णय बदलतो.

रक्तवाढीच्या इंजेक्शनबद्दल. लोहाची कमतरता आधीपासून असेल तर लोह द्यावंच, पण आता जी घसरण झालीये ती लोहाची नाही. मज्जाच काम करत नाहीये तर कच्चा माल ओतून काय होणार. इंजेक्शन घेतलं, दोन आठवडे बरं वाटेल म्हणून थांबलो आणि तोवर आकडा सहावर, हे नेहमीचं आहे. लिनेझोलिड थांबवलं की मज्जा साधारण दोन-तीन आठवड्यांत परत कामाला लागते, दर आठवड्याला तपासलं की चढ दिसतो. दम लागत असेल, उभं राहवत नसेल तर रक्ताची पिशवी द्यावी लागते, त्यात कमीपणा नाही.

मग बेडाक्विलिन बंद करण्यात एवढं वाईट काय, थोडे दिवस बंद ठेवून बघू, असं तुमच्या मनात येईल. दोन गोष्टी आहेत. एक तर या कोर्सचा कणा बेडाक्विलिन आणि प्रीटोमॅनिड आहेत, यातलं एक कायमचं काढलं तर बाकी तीन चालू ठेवून भागत नाही, पूर्ण कोर्स बदलावा लागतो, आणि तो बदललेला कोर्स म्हणजे दीड वर्षाचा, जास्त औषधांचा. दुसरी गोष्ट, बेडाक्विलिन अंगातून लवकर जात नाही. चरबीत जाऊन बसतं आणि शेवटी शेवटी जे उरतं त्यातलं निम्मं उतरायलाच साडेपाच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून आज बंद केली तर उद्या QT खाली येईल हे होत नाही. उलट घरच्यांनी वैतागून सगळंच बंद केलं तर बाकी तीन औषधं दोन-चार दिवसांत अंगातून जातात आणि बेडाक्विलिन एकटी थोड्या प्रमाणात महिनोन्महिने उरते. जंतू एकट्या कमजोर औषधासमोर शिकतो, आणि त्यात जर बेडाक्विलिनला रेझिस्टन्स आला तर तोच बदल बऱ्याचदा क्लोफाझिमीन या टीबीच्या दुसऱ्या औषधालाही निकामी करतो. म्हणून मी पेशंटला सांगतो, खाडा करायचाच असेल तर मला विचारून कर, कुठली आधी कुठली नंतर ते मी सांगतो.

खरोखर ५०० च्या वर गेलेला एक पेशंट सांगतो, ओळख लागणार नाही असं सांगतो, म्हणजे फरक कळेल. धारूरकडचा गडी, पस्तिशीतला, सातव्या आठवड्यात कोयता घेऊन कारखान्यावर गेला. तिथं जुलाब-उलट्या लागल्या. जवळच्या दवाखान्यात उलटीचं ओन्डान्सेट्रॉनचं इंजेक्शन, सोबत अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या, एक सलाईन. बरं वाटलं, परत फडात. चार दिवसांनी अंधारी येऊन खाली बसला म्हणून मुकादमाने गाडीत घालून पाठवला. आमच्याकडं ईसीजीवर हाताने मोजून फ्रिडेरिशियाने ५०८. पोटॅशियम २.८, मॅग्नेशियम १.३. भरती केला, मॉनिटरवर ठेवला, बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन दोन्ही थांबवली, आणि मॅग्नेशियम आधी भरलं, कारण मॅग्नेशियम कमी असेपर्यंत पोटॅशियम कितीही द्या, लघवीतून निघून जातं. पोटॅशियम ४ च्या वर नेलं. सहाव्या दिवशी ४५६.

आता विचार करा, सहा दिवसांत बेडाक्विलिन तर अंगातून गेलीच नव्हती. मग उतरलं काय? ओन्डान्सेट्रॉन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन गेली, अझिथ्रोमायसिन उतरणीला लागलं, क्षार भरले. म्हणजे बेडाक्विलिनने QT थोडा वाढवून ठेवला होता हे खरं, पण कडेलोट केला तो बाकीच्यांनी. बेडाक्विलिन परत सुरू केली, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन मात्र काढून टाकली, तीन औषधांवर कोर्स पूर्ण झाला. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे या चारातलं असं एक औषध आहे की गरज पडली तर काढून पुढं जाता येतं.

म्हणून आता वहिनीच्या बाबतीत उद्या एवढं विचारा, पोटॅशियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम तपासलंय का. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी ईसीजी निघतो पण मॅग्नेशियमची तपासणी होतच नाही, ती आग्रहाने मागायची. केळी, नारळपाणी चांगलं आहे, पण २.८ चं पोटॅशियम केळ्याने भरत नाही. आणि मागच्या पंधरा दिवसांत वहिनीने दुसरं काय काय खाल्लं त्याची सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. मी हे का म्हणतो, तर आपल्या भागात घरोघरी गजकर्ण आहे आणि त्यासाठी मेडिकलवरून इट्राकोनाझोल नाहीतर फ्लुकोनाझोल आणायची सवय आहे. या गोळ्या बेडाक्विलिनचं लिव्हरमधलं विघटन अडवतात, त्यामुळं तिचं प्रमाण अंगात वाढतं, आणि स्वतःही QT वाढवतात. गजकर्णाला मलम लावा, कोर्स होईपर्यंत खायची गोळी नको. उलट बाजूने, रिफाम्पिसिन सोबत गेली तर बेडाक्विलिन निम्म्यावर येते, त्यामुळं जुन्या टीबीच्या कोर्सची उरलेली गोळी घरात असेल तर ती बाजूला काढा.

मुंग्यांचं आता. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं कारण रक्त परत भरतं, नस मात्र उशिरा कळली तर पूर्ण भरून येत नाही. आम्ही ट्युनिंग फोर्क घोट्याच्या हाडावर ठेवून कंपन किती वेळ कळतं ते बघतो, घोट्याचा रिफ्लेक्स बघतो. घरी तुम्ही एवढंच विचारा, चालताना चप्पल पायातून निसटली तर कळतं का? रात्री पांघरूण पायाला लागलं तर जळजळतं का? फक्त अधूनमधून मुंग्या असतील तर लक्ष ठेवून डोस कमी करण्याचा विचार होतो, पण जळजळ रोज असेल, झोप मोडत असेल, तोल जात असेल तर ६०० चालू ठेवणं म्हणजे मुद्दाम नस घालवणं. बी सिक्सची गोळी लोक भक्तिभावाने देतात. सायक्लोसेरिन किंवा आयसोनायझिडच्या त्रासात तिचा उपयोग आहे, लिनेझोलिडची नस तिने वाचत नाही, त्यामुळं ती दिली म्हणून निर्धास्त होऊ नका.

आणि इथं एक सापळा आहे. मुंग्यांसाठी गावात सर्रास अमिट्रिप्टिलीन लिहून देतात. ती QT वाढवते, आणि लिनेझोलिडसोबत मेंदूत सेरोटोनिन जास्त होऊन घाम, थरथर, ताप, बडबड असा धोक्याचा प्रकार होऊ शकतो. ट्रामाडॉल पण तसंच, खोकल्याच्या काही सिरपमधलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन पण तसंच. प्रीगाबालिन किंवा गाबापेन्टिन त्यातल्या त्यात बरी. घरात कुणी शुगरचा पेशंट हाच कोर्स घेत असेल तर आणखी एक, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन दोन्ही शुगर अचानक खाली आणू शकतात, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असणाऱ्याने मीटर जवळ ठेवावं.

डोळ्याचं दुखत नाही, म्हणूनच फसवणूक होते. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर चालून जातं. एक डोळा हाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, मग दुसरा झाकून. कुंकवाचा लाल रंग पहिल्यासारखा गडद दिसतो का, की फिक्कट, मळकट? लाल फिक्का दिसायला लागणं हे बऱ्याचदा अक्षर धूसर होण्याच्या आधी येतं. दर महिन्याला सेंटरवर अक्षरांचा तक्ता आणि रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दोन्ही बघायला लावा. फरक दिसला तर लिनेझोलिड त्याच दिवशी थांबतं, तिथं ३०० वर आणून बघू असा सौदा मी करत नाही. वेळेत थांबवलं तर नजर बऱ्याच जणांची परत येते.

प्रीटोमॅनिडबद्दल थोडक्यात, तिचा त्रास लिव्हरचा. मळमळ सुरुवातीचे दोन-तीन आठवडे असतेच, पण एकदा थांबलेली मळमळ पुन्हा सुरू झाली, अन्नावरची वासना उडाली, लघवी पिवळीजर्द झाली तर लिव्हरची तपासणी, एलएफटी, लगेच. त्यातला एएलटीचा आकडा नॉर्मलच्या पाचपट, किंवा त्रास असताना तिप्पट, इथं औषधं थांबतात. कावीळ झाली म्हणून गावठी काविळीचं औषध प्यायचं नाही, त्यात काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. दारू पूर्ण बंद, हे गड्यांना सांगायचं असतं पण लिहून ठेवतो. आणि हा कोर्स गरोदरपणात देत नाहीत, पाळी चुकली तर लपवू नका म्हणावं.

लोक विचारतात मग जुनी औषधंच बरी होती का. ज्यांनी कानामायसिनच्या सुया घेतलेली माणसं बघितलीत ते असं विचारणार नाहीत, महिनोन्महिने दुखरी इंजेक्शनं आणि वर कान कायमचा जायचा. सायक्लोसेरिनने चांगला हसता-खेळता माणूस घरात कोंडून घ्यायचा, कुणीतरी करणी केली म्हणून घरचे देवऋषीकडं न्यायचे, आणि प्रकरण गोळीचं असायचं. इथिओनामाइडने उलट्या आणि थायरॉइड. क्लोफाझिमीनने माणूस काळवंडतो, हळूहळू उतरतं ते, पण लग्नाच्या मुलीला ते पहिलं टोचतं. ही औषधं अजूनही लागतात, ज्यांना छोटा कोर्स चालत नाही त्यांना. टीबी-प्रॅक्टेकल अभ्यासात हा चार औषधांचा कोर्स ८९ टक्के लोकांना लागू पडला, तेव्हाचे जुने कोर्स ५२ टक्क्यांना. म्हणून मी वहिनीचा कोर्स हातचा घालवायला तयार नाही.

गोळी घेण्याची पद्धत एकदा तपासून घ्या, चुका इथंच होतात. बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, म्हणजे शंभरच्या चार गोळ्या, त्यानंतर आठवड्यातून तीनच दिवस, दोन गोळ्या, मधे किमान ४८ तास. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं धरून चालतात. तिसऱ्या आठवड्यानंतरही रोज खाणारे पेशंट मी बघितलेत, आणि नुसत्या चहावर खाणारे तर कितीतरी. भाकरी-भाजी पोटभर खाऊन घेतली तर ही गोळी जवळजवळ दुप्पट अंगी लागते, उपाशी घेतली तर निम्मं औषध वाया. वहिनीचे उपवास असतील तर ते तीन दिवस सोडून धरायला सांगा.

तपासण्यांचं गणित म्हणाल तर ईसीजी सुरुवातीला, दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला. पहिला चांगला आला म्हणून पुढचे सोडायचे नाहीत, कारण बेडाक्विलिनचा परिणाम हळूहळू चढतो. रक्त, लिव्हर, क्षार दर महिन्याला, पण सुरुवातीचं हिमोग्लोबिन १०-११ च्या आसपास असेल तर पहिले दोन महिने मी दर पंधरा दिवसांनी सीबीसी करतो. वहिनीचं तसं झालं असतं तर आकडा नऊवर असतानाच कळला असता. आता लिनेझोलिड थांबलं तर आठवड्याला एक सीबीसी आणि आठवड्याला एक ईसीजी, दोन्ही सुधारेपर्यंत. हिमोग्लोबिन वर आलं की नाडी उतरेल, आणि नाडी उतरली की त्या मशीनचा QTc पण बऱ्यापैकी खाली दिसेल. तसं न होता नाडी ८० असून फ्रिडेरिशिया ४८० च्या पुढं सरकत राहिला तर मात्र माझा अंदाज चुकला असं समजून बेडाक्विलिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिनकडं बघावं लागेल. थुंकीचं कल्चर दर महिन्याला चालूच ठेवा, चौथ्या महिन्यानंतरही पॉझिटिव्ह आलं तर कोर्स लांबू शकतो.

ऊसतोडीचं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मला कळतं ते, त्यामुळं जाऊ नका म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण हिमोग्लोबिन ९ च्या पुढं जाऊन स्थिर होईपर्यंत आणि एक ईसीजी चांगला येईपर्यंत वहिनीला फडात नेऊ नका, मोळी उचलणं दूरच. त्यानंतर जायचं ठरलंच तर निघायच्या आठवडाभर आधी तालुक्याच्या एसटीएसला, म्हणजे टीबीच्या उपचारावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरला सांगा, कारखाना कुठल्या तालुक्यात आहे ते सांगा, ते निक्षय या सरकारी टीबी नोंदणीवर तिकडं ट्रान्सफर करतात म्हणजे गोळ्या तिकडं मिळतात आणि हजार रुपये महिना पोषणाचे पण बंद पडत नाहीत. पंधरा दिवसांच्या गोळ्या जवळ, शेवटच्या ईसीजीचा आणि सीबीसीचा फोटो मोबाईलमध्ये, आणि एका कागदावर ठळक अक्षरात चारही औषधांची नावं, खाली लिहायचं की ओन्डान्सेट्रॉन, अझिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, अमिट्रिप्टिलीन, ट्रामाडॉल देऊ नये. तिकडच्या कुठल्याही दवाखान्यात आधी तो कागद पुढं करायचा. आणि कोर्स संपल्यावरही तो कागद लगेच फाडू नका, बेडाक्विलिन त्यानंतर कित्येक महिने अंगात असते, तोवर गजकर्णाची गोळी किंवा QT वाढवणारं दुसरं काही घ्यायच्या आधी आम्हाला एक फोन करा.